सीटीचा डाय, एमआरआयचं इंजेक्शन आणि १.४ क्रिएटिनिन

माझ्या सासूबाई ६६ वर्षांच्या, वजन ५२ किलो. चौदा वर्षांपासून शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी चालू आहे. सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ दिसली म्हणून डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन सांगितलाय. धंतोलीतल्या एका सेंटरवर ‘आधी क्रिएटिनिन आणा’ म्हणाले. ते १.४ आलं. मागच्या वर्षी नणंदेचा मेंदूचा एमआरआय इंजेक्शन देऊन झाला, तेव्हा कुणी काहीच मागितलं नव्हतं. आता घरात सगळे म्हणतात, सीटीच्या डायने किडनी जाते, त्यापेक्षा एमआरआय करून घ्या. खरं काय? आणि मेटफॉर्मिन बंद करायची का?
— एक सून, मानेवाडा, नागपूर

तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून सासूबाईंचा सीटी थांबवण्याचं कारण दिसत नाही. मात्र १.४ हा आकडा एकटा काही सांगत नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा आणि किडनीने गाळून टाकायचा पदार्थ आहे. तो रक्तात किती उरतो, हे किडनीच्या कामावर जितकं ठरतं तितकंच वय, लिंग आणि अंगातल्या स्नायूंवरही ठरतं. म्हणून स्कॅनच्या निर्णयासाठी त्यावरून काढलेला ईजीएफआर बघतात. किडनी दर मिनिटाला अंदाजे किती मिलीलीटर रक्त गाळते, याचा तो हिशेब. हल्ली बहुतेक लॅब क्रिएटिनिनच्या खालीच तो छापतात. छापला नसेल तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राच्या कॅल्क्युलेटरमध्ये वय, लिंग आणि क्रिएटिनिन टाकलं की मिळतो. ६६ वर्षांच्या बाईचं १.४ म्हणजे ईजीएफआर सुमारे ४१. हेच १.४ तिशीतल्या पुरुषाचं असेल तर ईजीएफआर ६९ च्या आसपास निघतो. रिपोर्टवरचा आकडा एकच, पण किडन्यांच्या ताकदीत एवढा फरक. ‘नॉर्मलपेक्षा थोडंसंच जास्त आहे’ म्हणून सोडून देऊ नका आणि ‘वाढलंय’ म्हणून हबकूनही जाऊ नका.

आता घरातल्या वादाकडे. सीटीच्या आधी आणि एमआरआयच्या आधी रक्ताची तपासणी एकच होते, पण ती दोन वेगळ्या भीतींपोटी. सीटीच्या आयोडीनवाल्या डायमध्ये धोका खुद्द किडनीला असतो. एमआरआयच्या गॅडोलिनियममध्ये किडनी ही फक्त बाहेर जायची वाट असते. ती वाट बंद असेल तर त्रास होतो तो कातडीला आणि सांध्यांना. हे दोन धागे वेगळे केले की बाकीचा गोंधळ आपोआप सुटतो.

सीटीत एक्स-रे शरीरातून आरपार जातात. आयोडीनचा अणू जड असल्यामुळे तो ते अडवतो आणि म्हणून डाय गेलेला भाग पांढरा दिसतो. एक्स-रे अडवायचे तर माल भरपूर लागतो. सासूबाईंच्या वजनाला लिव्हरच्या सीटीसाठी साधारण ८० मिली डाय लागेल. बाटलीवर ३०० किंवा ३५० असा आकडा असतो, तो दर मिलीमागे किती मिलीग्रॅम आयोडीन आहे ते सांगतो. म्हणजे एका स्कॅनमध्ये २४ ते २८ ग्रॅम आयोडीन मिनिटाच्या आत नसेत जातं. प्रेशर इंजेक्टरने ते सेकंदाला ३-४ मिलीच्या वेगाने ढकलतात, म्हणून अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. त्यांना हे आधीच सांगून ठेवा. ती ॲलर्जी नसते आणि अर्ध्या मिनिटात जाते.

हा सगळा डाय किडनीतूनच बाहेर पडतो. जाताना किडनीच्या आतल्या भागातल्या रक्तवाहिन्या काही वेळ आकसतात, बारीक नळ्यांमधला द्रव घट्ट होतो आणि नळ्यांच्या पेशींनाही थोडा चटका बसतो. धडधाकट किडनी हे सहज पचवते. आधीच कमजोर असलेली किडनी कधीकधी दोन-तीन दिवस बसते. क्रिएटिनिन २४ ते ४८ तासांत चढायला लागतं, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वर जातं आणि बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत पूर्वपदावर येतं.

पूर्वी ही भीती आजच्यापेक्षा बरीच मोठी होती, आणि घरातल्यांच्या बोलण्यात तीच उरली आहे. जुने डाय रक्तापेक्षा कितीतरी जास्त सांद्र होते. शिवाय बरीच आकडेवारी हृदयाच्या अँजिओग्राफीच्या रुग्णांची होती आणि डाय न दिलेल्या तशाच आजारी माणसांशी तुलनाच झालेली नव्हती. ती तुलना झाली तेव्हा दिसलं की ॲडमिट रुग्णाचं क्रिएटिनिन डायशिवायही चढतं आणि पुष्कळदा दोष मूळ आजाराचाच असतो. आज हातातल्या नसेतून दिल्या जाणाऱ्या डायसाठी खरी सावधगिरीची रेषा ईजीएफआर ३० च्या खाली मानतात. ३० ते ४४ हा मधला पट्टा आहे. तिथे स्कॅन अडवत नाहीत, पण बाकी काही बिघडलेलं नाही ना, हे बघतात. सासूबाई याच पट्ट्यात आहेत.

अँजिओग्राफीचा हिशेब थोडा वेगळा. कॅथेटर हृदयात किंवा महाधमनीत असतं, तेव्हा डाय फारसा न मिसळता थेट किडनीवर जाऊन पडतो. म्हणून तिथे रेषा ४५ वर ओढतात. सासूबाईंची गेल्या दोन दिवसांत अँजिओग्राफी किंवा दुसरा कॉन्ट्रास्ट सीटी झालेला असेल तर सेंटरवर आवर्जून सांगा. घाई नसेल तर पुढचा डाय दोन-तीन दिवस लांबवलेला बरा.

मधल्या पट्ट्यात घात करते ती किडनीची त्या दिवशीची अवस्था. हे नागपुरात नीट समजून घ्यायला हवं. ईजीएफआरचं सूत्र क्रिएटिनिन स्थिर आहे असं धरून चालतं. नवतपात ऊन लागलं, दोन दिवस उलट्या-जुलाब झाले, वर गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या पोटात गेल्या, तर किडनी आजच खाली आलेली असते आणि क्रिएटिनिन मात्र एक-दोन दिवसांनी चढतं. तेव्हा मागच्या आठवड्यातला ४१ कागदावर ४१ च राहतो. एरवी घरून येणाऱ्या रुग्णाचा महिनाभरातला रिपोर्ट चालतो. मधे असं काही झालं असेल तर तो जुना धरा आणि तपासणी पुन्हा करा. स्कॅनला घाई नसेल तर तब्येत सावरेपर्यंत थांबा.

दुसरी फसगत उलट्या बाजूने होते. अंथरुणाला खिळलेली, हाडांचा सापळा झालेली आजी असेल तर तिच्या अंगात स्नायूच नसतात, त्यामुळे क्रिएटिनिन ०.८ येऊन सगळं छान दिसतं, आणि किडनी प्रत्यक्षात बरीच थकलेली असू शकते. पाय कापलेल्या माणसाचंही तसंच. अशा वेळी डॉक्टर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी सांगतात. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. सासूबाई ५२ किलोच्या आणि हिंडत्या-फिरत्या असतील तर त्यांचा ४१ विश्वासाचा आहे.

स्कॅनच्या दिवशी सगळ्यात नेहमीची चूक पाण्याची होते. ‘चार तास उपाशी या’ म्हटलं की घरचे पाणीही बंद करतात. मे महिन्यात मानेवाड्याहून उन्हात येऊन वर दोन तास रांगेत कोरड्या घशाने बसणं हे त्या किडनीसाठी डायपेक्षा वाईट. उपास जेवणाचा असतो. पाणी किती वेळ आधीपर्यंत चालेल ते सेंटरला फोनवर विचारून घ्या आणि तोवर पाजत राहा. आदल्या दिवशी आणि नंतरच्या दिवशीही नेहमीपेक्षा थोडं जास्त पाणी द्या. हार्ट फेल्युअर असेल किंवा पायावर सूज असेल तर मात्र किती द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस बंद. दुखलंच तर पॅरासिटामॉल. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका.

मेटफॉर्मिनबद्दल मोठा गैरसमज आहे. ती डायशी भांडत नाही आणि किडनीही बिघडवत नाही. पण ती बाहेर पडते किडनीतूनच. डायमुळे किडनी बसली तर ती रक्तात साठते आणि लॅक्टिक ॲसिड वाढून जिवावर बेतू शकतं. म्हणून गोळी थांबवण्याचा प्रश्न किडनी बसण्याची शक्यता असेल तिथेच येतो. ईजीएफआर ३० च्या वर आणि प्रकृती स्थिर असेल तर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या सूचनांनुसार नसेतल्या डायसाठी ती थांबवायची गरज नाही. तिथल्या औषधनियामकाचा मजकूर जरा कडक आहे. ईजीएफआर ३० ते ६० असताना लिव्हरचा आजार, दारूचं व्यसन किंवा हार्ट फेल्युअर असेल तर स्कॅनच्या वेळी थांबवा, असं तो म्हणतो. सासूबाईंची तपासणीच लिव्हरसाठी आहे. त्यामुळे स्कॅनच्या दिवसापासून ४८ तास गोळी न देणं आणि क्रिएटिनिन पुन्हा बघून सुरू करणं हे आम्हाला जास्त शहाणपणाचं वाटतं. तेवढे दोन दिवस घरच्या ग्लुकोमीटरवर शुगर बघा. आणि ४१ ईजीएफआरला मेटफॉर्मिनचा डोस किती असावा, हा प्रश्न स्कॅन असो वा नसो, शुगरच्या डॉक्टरांना विचारायचाच आहे. ४५ च्या खाली तो फेरविचाराला घेतात, ३० च्या खाली गोळी पूर्ण बंद करतात.

समजा सासूबाईंचं क्रिएटिनिन १.४ ऐवजी २.१ आलं असतं. तोच हिशेब केला तर ईजीएफआर २५ च्या आसपास येतो आणि चित्र बदलतं. मेटफॉर्मिन तर बंदच. डॉक्टर आधी विचारतील की सोनोग्राफीवर किंवा साध्या सीटीवर काम भागतं का. डाय लागणारच असेल तर नसेतून नॉर्मल सलाइन देतात. एक रूढ पद्धत म्हणजे तासाला दर किलोमागे १ मिली, म्हणजे त्यांना तासाला ५२ मिली, स्कॅनआधी तीन-चार तास आणि नंतर चार ते सहा तास. त्यासाठी बेड लागतो, म्हणून हे आधी ठरवावं लागतं. स्कॅनच्या टेबलावर अर्धी बाटली धावपळीत लावून काही साधत नाही. अशा वेळी एन-ॲसिटिलसिस्टीनची पाण्यात विरघळणारी गोळी लिहून देण्याची जुनी पद्धत होती. २०१८ साली अँजिओग्राफीच्या सुमारे पाच हजार जोखमीच्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत तिचा काहीच उपयोग दिसला नाही. कुणी दिली तर भांडू नका, पण तिच्या भरवशावर सलाइन चुकवू नका.

आता नणंदेचा एमआरआय. गॅडोलिनियम स्वतः चित्रात दिसत नाही. त्याच्या अणूत सात एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्या चुंबकीय प्रभावामुळे आजूबाजूच्या पाण्याचा सिग्नल बदलतो आणि तो भाग उजळतो. त्यामुळे माल अगदी थोडा पुरतो. ५२ किलोच्या माणसाला नेहमीच्या डोसमध्ये १० मिलीच्या आसपास औषध, दुप्पट तीव्रतेचं गॅडोब्युट्रॉल असेल तर ५ मिली. त्यात शुद्ध गॅडोलिनियम एका ग्रॅमपेक्षाही कमी. एवढ्याने किडनीला दुखापत होत नाही.

पण सुटं गॅडोलिनियम विषारी आहे, म्हणून ते एका मोठ्या रेणूत पकडून देतात. किडनी चांगली असेल तर दर दीड-दोन तासांनी रक्तातलं निम्मं औषध निघून जातं. किडनी जवळजवळ बंद असेल तर त्याच निम्म्यासाठी दिवसभरापेक्षा जास्त लागतो, आणि तेवढ्या वेळात काही गॅडोलिनियम पकडीतून सुटतं. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातापायांची कातडी लाकडासारखी कडक होते, सांधे आखडतात. याला नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस म्हणतात आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. २००६ साली ऑस्ट्रियातले डॉ. थॉमस ग्रोबनर यांनी डायलिसिसच्या रुग्णांमध्ये गॅडोलिनियमशी याचा संबंध दाखवला, आणि तिथून एमआरआयआधी क्रिएटिनिन मागण्याची पद्धत जगभर पसरली.

इथे पकड कशी आहे यावर सगळं अवलंबून आहे. गॅडोडायमाइड, गॅडोपेन्टेटेट, गॅडोव्हर्सेटामाइड या जुन्या सरळ साखळीच्या औषधांची पकड सैल. बहुतेक केसेस त्यांच्याच. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल यांत गॅडोलिनियम बंद पिंजऱ्यात असतं. ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्या ४,९३१ रुग्णांना कमी जोखमीच्या गटातली औषधं दिल्याच्या नोंदी २०२० साली एकत्र तपासल्या, त्यात एकही केस निघाली नाही. म्हणून या औषधांच्या आधी क्रिएटिनिन ऐच्छिक मानतात. नणंदेला कुणी विचारलं नाही, तो निष्काळजीपणा असेलच असं नाही. फक्त औषध कोणतं दिलं, हे फाइलमध्ये बघून घ्या. जुन्या गटातलं असेल तर विचारायला हवं होतं.

मग सीटीऐवजी एमआरआय करावा का? किडनीच्या भीतीने, ४१ वर, नको. लिव्हरच्या गाठीसाठी मात्र एमआरआय खरोखर चांगली तपासणी आहे. त्यासाठी गॅडोक्सेटेट नावाचं औषधही आहे. त्याचा निम्मा भाग पित्तातून बाहेर पडतो आणि डोसही कमी लागतो. डॉक्टरांनी एमआरआय सुचवला तर तो गाठीची ओळख पटवण्यासाठी असावा. हा प्रश्न त्यांना विचारायला संकोच करू नका. उलट एखाद्या रुग्णाची किडनी २५ वर असेल तर पिंजऱ्यातल्या गॅडोलिनियमचा एमआरआय हा खरंच बरा पर्याय ठरतो. आणि सीटी मशीनवर आयोडीनऐवजी गॅडोलिनियम द्या, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. एक्स-रे अडवायला ते इतकं जास्त द्यावं लागेल की मग तेच किडनीला बाधेल.

क्रिएटिनिन कुणी आधी करावं, हे आता सांगणं सोपं आहे. आयोडीनवाल्या डायसाठी: किडनीचा आजार माहीत असलेले, एकच किडनी असलेले, किडनीचं ऑपरेशन किंवा प्रत्यारोपण झालेले, लघवीतून प्रोटीन जाणारे, पूर्वी कधी किडनी अचानक बसलेले, आणि ॲडमिट असलेले गंभीर रुग्ण. शुगर असलेले आणि मेटफॉर्मिन घेणारे यांचीही केलेली बरी. धडधाकट चाळिशीतल्या माणसाला त्याची गरज नसते, पण बरीच सेंटर सरसकट मागतात आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. डायलिसिसवर असून लघवी पूर्ण बंद झालेल्या रुग्णाच्या किडनीला वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्यामुळे सीटीनंतर तातडीचं डायलिसिस लागत नाही. एमआरआय मात्र त्यांच्या ठरलेल्या डायलिसिसच्या थोडं आधी ठेवतात. आणि पक्षाघाताचा झटका किंवा मोठा अपघात असेल तर मेडिकल असो की मेयो, क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी कुणी थांबत नाही. थांबूही नये.

सेंटरवर एक फॉर्म मिळतो. त्यात किडनीचा आजार, शुगर, मेटफॉर्मिन, डायलिसिस, आधीची रिॲक्शन असे प्रश्न असतात. नातेवाईक काउंटरवर उभ्याउभ्या सगळीकडे ‘नाही’वर खूण करतात आणि सही ठोकतात. तुमच्याकडे पानावरची निदान दोन उत्तरं ‘हो’ आहेत. गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर न्या, कारण शुगरच्या कितीतरी गोळ्यांमध्ये मेटफॉर्मिन दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलं असतं आणि नावावरून कळत नाही.

स्कॅननंतर ४८ ते ७२ तासांत क्रिएटिनिन पुन्हा करा, त्याच लॅबमध्ये. १.४ चं १.५ झालं तर काही नाही, एवढा फरक यंत्राचाही असतो. ०.३ किंवा जास्त वाढ असेल, म्हणजे १.७ किंवा वर, किंवा मधेच लघवी कमी झाली, पायावर सूज आली, दम लागू लागला, तर मेटफॉर्मिन सुरू न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. कॉन्ट्रास्टचं नाव आणि किती मिली दिला, हे टेक्निशियनकडून रिपोर्टच्या मागे लिहून घ्या. पुढच्या स्कॅनला रेडिओलॉजिस्ट ते विचारतील.